सोनोग्राफीत पीसीओ पण दिसलं आणि फायब्रॉइड पण, मग पाळी नक्की कशाने बिघडली?

ही केस एका बावीस वर्षांच्या मुलीची आहे, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि असा रिपोर्ट घेऊन येणाऱ्या मुली मला वरचेवर भेटतात, म्हणून एक केस सावकाश, अथपासून इतिपर्यंत लिहून काढतेय.

ती आईला घेऊन आली तेव्हा हातात सोनोग्राफीचा रिपोर्ट होता आणि खाली जाड अक्षरात दोन ओळी होत्या. पहिली, दोन्ही ओव्हरी पॉलिसिस्टिक दिसतात. दुसरी, गर्भाशयाच्या मागच्या भिंतीवर २.४ बाय २.१ सेंटीमीटरचा फायब्रॉइड. घरी सगळ्यांनी दुसऱ्या ओळीचाच धसका घेतला होता. आईचं म्हणणं सरळ होतं, "मॅडम, गोळा आहे म्हणूनच पाळी वेडीवाकडी येतेय आणि आली की एवढं अंगावरून जातंय, तो काढून टाकला की सुटली पोरगी." मुलगी गप्प बसून होती, तिला फक्त एवढंच विचारायचं होतं की ऑपरेशन कधी करायचं.

मी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि तिला मोबाईल काढायला सांगितला, कारण पाळीच्या तारखा ती एका ॲपमध्ये टाकत होती आणि माझ्या मते या केसमधला सगळ्यात महत्त्वाचा कागद तोच होता. गेल्या तेरा महिन्यांत तिला सात वेळा पाळी आली होती. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजलं तर अंतरं अशी निघाली: ४१ दिवस, ५८, ३६, ७३, ४७ आणि ८४. आणि आता परत ५२ दिवस झाले होते, पाळीचा पत्ता नव्हता.

मग मी तिला एकेका पाळीत किती गेलं ते विचारलं. छत्तीस दिवसांनी आलेली पाळी? "ती नॉर्मल होती मॅडम, चार-पाच दिवस." त्र्याहत्तर दिवसांनी आलेली? "ती नऊ दिवस, गुठळ्या पण होत्या." आणि चौऱ्याऐंशी दिवसांनी आलेली अकरा दिवस चालली, त्यातले दोन दिवस तर दर दीड-दोन तासाला पॅड बदलावं लागत होतं. हिमोग्लोबिन १०.२ वर आलं होतं ते त्यामुळेच.

हे आईला मी परत एकदा वाचून दाखवलं आणि म्हटलं, काकू बघा, जितके दिवस पाळी लांबली तितकं नंतर जास्त गेलं, आणि लवकर आली तेव्हा साधीच होती. गोळा तर तिन्ही वेळेला तिथेच असणार ना, तो काही छत्तीस दिवसांच्या पाळीत सुट्टीवर गेला नव्हता.

इथे जरा आत शिरते, कारण गोंधळ होतो तो इथेच. पाळी वेळेवर येणं हे गर्भाशयाच्या हातात नसतंच, ते ओव्हरीच्या हातात असतं. महिन्याच्या पहिल्या अर्ध्यात ओव्हरीतून इस्ट्रोजेन येतं आणि गर्भाशयाचं आतलं अस्तर वाढतं, मग अंडं बाहेर पडतं, आणि ते जिथून बाहेर पडलं तिथून प्रोजेस्टेरॉन नावाचं दुसरं हार्मोन तयार व्हायला लागतं, जे साधारण दोन आठवडे टिकतं. ते खाली आलं की अस्तर एकदम, सगळीकडून एकाच वेळी सुटतं, चार-पाच दिवसांत काम संपतं. आता समजा अंडं बाहेरच पडलं नाही, तर प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, इस्ट्रोजेन मात्र चालूच राहतं आणि अस्तर वाढतच जातं, त्याला थांब म्हणणारं कोणी नसतं. शेवटी ते इतकं वाढतं की स्वतःलाच धरून ठेवू शकत नाही आणि मग आज इथून, उद्या तिथून असं तुकड्यातुकड्यांनी सुटत राहतं. म्हणून दिवस जास्त, गुठळ्या जास्त, रक्त जास्त. म्हणजे खूप अंगावरून जाणं हे प्रत्येक वेळी गोळ्याचंच लक्षण नसतं, दोन-अडीच महिने अडकलेली पाळी पण अगदी असंच वागते.

फायब्रॉइडचं वागणं वेगळं. फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूचीच एक गाठ, कॅन्सर नाही, आणि ती ओव्हरीच्या वेळापत्रकात ढवळाढवळ करत नाही. फायब्रॉइडमुळे त्रास होणारी बाई साधारण असं सांगते की पाळी येते अठ्ठावीस-तीस दिवसांनीच, पण दर महिन्याला सात-आठ दिवस आणि भरपूर जाते. दर महिन्याला, हे महत्त्वाचं. आणि तेही तो फायब्रॉइड कुठे बसलाय त्यावर अवलंबून असतं. आतल्या पोकळीत घुसलेला असेल तर दीड सेंटीमीटरचा पण बेजार करतो, आणि बाहेरच्या बाजूला असेल तर चार सेंटीमीटरचा असून बाईला पत्ता नसतो. आकडा वाचून घाबरण्याआधी जागा वाचावी, असं मी प्रत्येकीला सांगते. हिचा फायब्रॉइड सबसिरोझल होता, म्हणजे गर्भाशयाच्या बाहेरच्या आवरणाखाली, अर्ध्याहून जास्त बाहेर फुगलेला, आणि आतल्या अस्तराची रेघ त्याने कुठेही ढकललेली नव्हती.

तरी मी सोनोग्राफी परत स्वतः पाहिली, आणि तिला स्क्रीन दिसेल अशी वळवून ठेवली. तिचे कधी संबंध आलेले नव्हते त्यामुळे आतून करायचा प्रश्नच नव्हता, पोटावरूनच केली, लघवी भरून ठेवून. पहिल्या वेळी लघवी नीट भरलेली नव्हती असं तिनेच सांगितलं, आणि त्याने चित्र खरंच धूसर येतं कारण मध्ये आतड्यातला गॅस येतो.

स्क्रीनवर आधी गर्भाशय दाखवलं. मधली पांढुरकी पट्टी म्हणजे अस्तर, ते तेव्हा १३ मिलिमीटर होतं, म्हणजे पाळी न येता आत बरंच साठलेलं. मागच्या बाजूला डावीकडे एक गडद, गोल, कडा स्पष्ट असलेला भाग, त्याच्यामागे सावलीचे पट्टे पडत होते, हा फायब्रॉइड. तो भरीव असतो, आत पाणी नसतं. पहिल्या रिपोर्टमध्ये एक बारीकशी शंकाही लिहिली होती की हा डाव्या ओव्हरीचा भाग तर नाही ना, कारण दोन्ही अगदी शेजारी होते. ही शंका नीट मिटवावी लागते, बाहेर लटकणारा फायब्रॉइड आणि ओव्हरीची भरीव गाठ पहिल्या नजरेत सारखे दिसू शकतात. मी प्रोबने हलकं दाबलं तेव्हा गोळा गर्भाशयाबरोबर सरकला आणि डावी ओव्हरी त्याच्यापासून सुटी, पूर्णच्या पूर्ण वेगळी दिसली. रक्तप्रवाह दाखवणारं कलर डॉपलर लावल्यावर रक्तवाहिन्या गर्भाशयाच्या भिंतीतून गोळ्यात जाताना दिसल्या. झालं, शंका संपली. डावी ओव्हरी वेगळी दिसली नसती तर मात्र मी एमआरआय सांगितला असता, अंदाजावर सोडलं नसतं.

मग ओव्हरी. तिथे कडेकडेने बारीक काळे ठिपके होते, मोत्यांची माळ घातल्यासारखे. तिने लगेच विचारलं, "एवढ्या गाठी? या सगळ्या काढायच्या?" नाही गं, या गाठी नाहीतच. हा प्रत्येक ठिपका म्हणजे एक फॉलिकल, तीन ते सात मिलिमीटरची पाण्याची पिशवी, आणि तिच्यात एक अंडं. प्रत्येक बाईच्या ओव्हरीत असे असतात. एरवी दर महिन्याला त्यातला एक पुढे जातो, वीस-बावीस मिलिमीटरपर्यंत वाढतो आणि फुटतो, बाकीचे विरून जातात. हिच्याकडे पुढे कोणीच जात नव्हतं, सगळे अर्ध्या वाटेवर थांबलेले, म्हणून एकाच वेळी इतके दिसत होते. पॉलिसिस्टिक नावात सिस्ट आहे म्हणून लोक घाबरतात पण त्यांना काढायचं नसतं, फोडायचं नसतं, आणि ते फुटून पोटात काही भयंकर होणार असंही नसतं.

पॉलिसिस्टिक म्हणायला काही माप आहे का? आहे. आतून, चांगल्या मशीनने केलेल्या सोनोग्राफीत एका ओव्हरीत वीस किंवा जास्त फॉलिकल, नाहीतर ओव्हरीचं आकारमान १० मिलिलिटर किंवा जास्त. पोटावरून केली तर फॉलिकल इतके नेमके मोजता येत नाहीत, म्हणून तिथे मुख्यतः आकारमानावरच भर द्यायचा. ते काढायचं सोपं आहे, लांबी, रुंदी आणि जाडी सेंटीमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि ०.५२ ने परत गुणायचं. तिची उजवी ओव्हरी ३.९, २.६ आणि २.४, म्हणजे १२.७ मिलिलिटर. डावी ३.५, २.४, २.१, म्हणजे ९.२. एक ओव्हरी मापात बसली तरी पुरतं. फक्त त्या वेळी त्या ओव्हरीत दहा मिलिमीटरच्या वरचा एखादा वाढलेला फॉलिकल नको, नाहीतर त्याच्याचमुळे आकार मोठा येतो, आणि मग सोनोग्राफी दुसऱ्या वेळी परत करावी लागते. हिच्यात तसा नव्हता.

आता जी गोष्ट मला सगळ्यात कळकळीने सांगायचीय ती ही. ओव्हरी अशी दिसली, म्हणजे रिपोर्टमध्ये पीसीओ आलं, तरी पीसीओएस हा हार्मोनचा आजार झालाच असं नाही. पाळी अगदी घड्याळासारखी येणाऱ्या, कसलाही त्रास नसलेल्या कितीतरी तरुण मुलींच्या ओव्हरी अशाच दिसतात कारण या वयात फॉलिकल मुळातच जास्त असतात. म्हणून तर पाळी सुरू होऊन आठ वर्षं झाली नसतील तर निदानासाठी सोनोग्राफी वापरूच नये असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. हिची पाळी तेराव्या वर्षी सुरू झाली होती, म्हणजे नऊ वर्षं झालेली, त्यामुळे ती त्या रेषेच्या थोडी पलीकडे होती. पण सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला नुसत्या सोनोग्राफीवरून पीसीओएसचं लेबल लावून पाठवलेलं मी बघते तेव्हा खरंच वाईट वाटतं, ती मुलगी पुढची कितीतरी वर्षं स्वतःला आजारी समजत जगते.

प्रौढ बाईत पीसीओएस म्हणायला तीनपैकी दोन गोष्टी लागतात. पाळी अनियमित, म्हणजे पस्तीस दिवसांपेक्षा जास्त किंवा एकवीस दिवसांपेक्षा कमी अंतर, किंवा वर्षात आठपेक्षा कमी पाळ्या. दुसरी, पुरुषी हार्मोन वाढल्याची लक्षणं, अंगावर दिसणारी किंवा रक्तात सापडणारी. आणि तिसरी, ओव्हरीचं ते दिसणं, ज्याच्या जागी २०२३ च्या सूचनांनुसार प्रौढ बाईत फॉलिकलमधून येणाऱ्या एएमएच या हार्मोनची रक्त तपासणी पण चालते. हिला हनुवटीवर आणि बेंबीखाली जाड केस यायला लागले होते, ते ती दर आठवड्याला काढत होती आणि आईलाही सांगितलं नव्हतं, मी विचारल्यावर खाली बघत बोलली. रक्तात टेस्टोस्टेरॉन थोडं वाढलेलं. म्हणजे पहिल्या दोन गोष्टी झाल्या, आणि त्या दोन असतील तर सोनोग्राफी निदानाला लागतच नाही! जो कागद बघून घरात रडारड झाली तो नसता तरी निदान हेच निघालं असतं.

अर्थात त्याआधी बाकीची कारणं बाजूला सारावी लागतात, तो भाग लोक विसरतात. प्रेग्नन्सी टेस्ट आधी, ती प्रत्येकीची करायचीच, त्यात कुणावर संशय नसतो. मग थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि १७ ओएच प्रोजेस्टेरॉन, हे तिसरं ॲड्रिनल ग्रंथीच्या एका जन्मजात आजारासाठी, जो अगदी पीसीओएससारखाच दिसतो. तिचं सगळं नॉर्मल आलं. साखरेसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांची टेस्ट केली, तीही ठीक.

मग उपचार. फायब्रॉइडला काही करायचं नव्हतं. आई म्हणाली, "पण मॅडम, तो वाढला तर?" प्रश्न रास्त आहे. वाढू शकतो, मेनोपॉजपर्यंत फायब्रॉइडला हार्मोन मिळत राहतात. पण ज्याने त्रासच दिलेला नाही तो बावीसाव्या वर्षी काढायचा म्हणजे गर्भाशयावर कापाचा व्रण, आजूबाजूला चिकटण्याची शक्यता, आणि एवढं करून पाळी तेव्हाही तशीच लांबणार, कारण ओव्हरी आपल्या जागी तशीच राहणार. हे ऐकल्यावर आई गप्प झाली आणि मग म्हणाली, म्हणजे ऑपरेशन करून पण हेच राहिलं असतं. होय, हेच राहिलं असतं.

पाळीसाठी मात्र करायचं होतं. अस्तर १३ मिलिमीटरवर असंच वाढत ठेवणं बरोबर नाही, महिनोन्‌महिने पाळी न आल्यास अस्तराच्या पेशी बिघडायची शक्यता वाढते, म्हणून पीसीओएसमध्ये निदान तीन महिन्यांत एकदा तरी पाळी यायलाच हवी असं आम्ही बघतो. तिला मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन १० मिलिग्रॅम रोज एक, दहा दिवस दिलं. म्हणजे अंडं बाहेर न पडल्यामुळे जे हार्मोन मिळत नव्हतं त्याच जातीचं बाहेरून दिलं आणि थांबवलं. तिला आधीच बजावलं होतं की ही पहिली पाळी जड जाणार, बावन्न दिवसांच्या वरचं साठलंय, घाबरू नकोस, पण लागोपाठ दोन तास तासाला एक पॅड भिजत राहिलं किंवा चक्कर आली तर फोन न करता सरळ ये. गोळी थांबवल्यावर चौथ्या दिवशी पाळी आली, सात दिवस चालली, गुठळ्या होत्या पण निभावलं. त्यानंतर सोनोग्राफीत अस्तर ५ मिलिमीटर.

इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या दोन्ही जातींची हार्मोन असलेल्या कॉम्बाइन्ड गोळ्यांबद्दलही बोललो, कारण केसांना त्यांचाच उपयोग जास्त होतो, नुसत्या प्रोजेस्टेरॉनचा नाही. तिला रोज गोळी घ्यायची लगेच तयारी नव्हती, मी जबरदस्ती केली नाही, फक्त पुढे घ्यायची ठरली तर बीपी बघायचं आणि डोळ्यासमोर चमकणारी मायग्रेन किंवा रक्ताच्या गुठळीचा इतिहास आहे का ते विचारायचं, हे लिहून ठेवलं. तोवर दर महिन्याला दहा दिवस प्रोजेस्टेरॉन आणि सोबत लोहाची गोळी.

दुसऱ्या महिन्यापासूनची पाळी पाच दिवसांची झाली, दिवसाला चार पॅड, गुठळ्या नाहीत. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १२.१. सहा महिन्यांनी सोनोग्राफी केली तर फायब्रॉइड २.४ बाय २.२, म्हणजे होता तेवढाच, एका मिलिमीटरचा फरक मापण्यातच येतो, त्याला वाढ म्हणत नाहीत. गोळा तिथेच, आणि रक्तस्राव अर्ध्यावर. आईला मी पहिल्या दिवशी जे तारखांवरून सांगत होते ते आता तिच्या डोळ्यासमोर होतं.

उलटं झालं असतं तर? समजा पाळी महिन्याच्या महिन्याला आणूनसुद्धा आठ-आठ दिवस भरपूर जातच राहिलं असतं, तर मी माझं म्हणणं परत तपासलं असतं. गर्भाशयाच्या पोकळीत पाणी सोडून केलेली सोनोग्राफी किंवा दुर्बिणीने आत बघणं, म्हणजे पोकळीत काही लपलंय का ते कळतं. आणि पहिल्या पाळीपासूनच खूप जात असेल, दात काढल्यावर रक्त थांबलं नसेल, जरा लागलं की काळंनिळं पडत असेल, तर रक्त गोठण्याचे आजार, विशेषतः व्हॉन विलेब्रँड, तपासायला हवेत. तरुण मुलींमध्ये हे कारण बऱ्याचदा सुटून जातं कारण सगळ्यांचं लक्ष सोनोग्राफीवर असतं.

आता फायब्रॉइडसाठी तिला वर्षातून एकदा सोनोग्राफीला बोलावलंय. मध्येच लघवीला सारखं जावं लागायला लागलं, ओटीपोट जड वाटायला लागलं, अचानक जोरात दुखलं किंवा वेळेवरच्या पाळीतही जास्त जायला लागलं तर आधी यायचं. गेल्या वेळी आई बाहेर गेल्यावर तिने हळूच विचारलं की पुढे मूल होईल ना. तिला म्हटलं, बाहेरच्या बाजूचा हा एवढासा फायब्रॉइड गर्भ राहण्याच्या वाटेत येत नाही. वाटेत येईल ते अंडं वेळेवर बाहेर न पडणं, आणि त्यासाठी लेट्रोझोल नावाची गोळी पाळीच्या सुरुवातीला पाच दिवस देतात, सोनोग्राफीने फॉलिकल वाढतोय का ते बघतात, बऱ्याच जणींना तेवढ्यावर होतं. पण ते जेव्हा तुला मूल हवं असेल तेव्हा, तोपर्यंत तारखा टाकत राहा.